बरणीच्या लेबलचा फॉन्ट: नावासाठी एक, साहित्याच्या ओळीसाठी दुसरा

प्रश्न: «मी घरी लोणची आणि मसाले करून छोट्या बरण्यांतून विकते. लेबल स्वतःच बनवते. कॉम्प्युटरवर छान दिसतं, पण छापल्यावर साहित्याची ओळ वाचता येत नाही आणि एकूण लेबल हौशी वाटतं. प्रोफेशनल दिसेल आणि बारीक आकारातही वाचता येईल असा मराठी फॉन्ट कुठला?»

ताई, लेबलवर दोन वेगळी कामं असतात. फळीवर मांडलेल्या दहा बरण्यांतून आपली बरणी ओळखू यावी हे पहिलं, आणि बरणी हातात घेतल्यावर त्यात काय आहे ते चष्मा न शोधता वाचता यावं हे दुसरं. पहिल्या कामाला ठसठशीत, थोडा स्वभाव असलेला फॉन्ट लागतो. दुसऱ्याला अगदी साधा आणि मोकळा फॉन्ट लागतो. दोन्ही कामं एकाच सजावटी फॉन्टवर टाकली की बारीक मजकुराचा गिचका होतो, आणि लेबल हौशी दिसण्याचं ते सगळ्यात मोठं कारण असतं. मी लेबलं आणि पाकिटं डिझाइन करतो, त्यात लोणची-मसाल्यांची बरीच असतात. त्या अनुभवावरून सांगतो.

फॉन्ट ठरवण्याआधी लेबल कशावर छापणार ते ठरवा, कारण उत्तर त्यावर बदलतं. घरच्या इंकजेटवर साध्या कागदाच्या स्टिकरवर छापलं तर शाई कागदात पसरते आणि अक्षरं जाड होतात. लेझर प्रिंटवर रेघ स्वच्छ येते. कुरिअरची लेबलं काढतो तसा छोटा थर्मल प्रिंटर असेल, तर तो बहुधा २०३ डीपीआयचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये फक्त आठ ठिपके. बारीक देवनागरी अक्षराची रेघ त्यात जेमतेम दोन ठिपक्यांची होते, एखादा ठिपका गळला की मात्रा तुटते. लोणच्याच्या बरणीला तेलाचा हात लागतोच, म्हणून साध्या कागदाऐवजी प्लॅस्टिक फिल्मचं स्टिकर आणि लेझर छपाई ही जोडी मी सुचवतो. रिबन नसलेल्या थर्मल प्रिंटरचा कागद उष्णतेने आणि तेलाने फिका पडतो, त्यामुळे महिनोन्‌महिने टिकणाऱ्या लोणच्याला तो वापरू नका.

आता देवनागरीची खरी अडचण. इंग्रजी बारीक अक्षरं सहा पॉइंटलाही वाचता येतात, तेच माप मराठीला लावलं की फसतं. एक पॉइंट म्हणजे ०.३५ मिलिमीटर, पण ते माप अक्षराचं नसून ओळीच्या पूर्ण उंचीचं असतं. देवनागरीत त्या उंचीतच शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार बसवावे लागतात आणि खाली उकार. मूळ अक्षराला, म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंत, साधारण निम्म्याहून थोडी जास्त उंची उरते. सहा पॉइंटच्या मराठी ओळीत ते सव्वा मिलिमीटरच्या आसपास येतं, आणि एवढ्या जागेत «ध»ची गाठ, «ण»चे दांडे, «ष»ची तिरकी रेघ बसवायची असते. म्हणून बारीक मजकुराचा फॉन्ट निवडताना अक्षराच्या पोटातली पांढरी जागा किती मोकळी आहे ते बघा. ती बुजली की «ध» आणि «घ», «भ» आणि «म», «ष» आणि «प» सारखेच दिसतात, आणि मसाल्याच्या लेबलवरचे «धणे» ओळखू येत नाहीत.

बारीक मजकुरासाठी मी सहसा Mukta वापरतो. मुंबईच्या एक टाइपचा हा फॉन्ट आहे, गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो आणि त्याचा परवाना खुला असल्यामुळे विकायच्या मालावर छापायला अडचण नाही. त्याची अक्षरं मोकळी आहेत, रेघेची जाडी सगळीकडे जवळपास सारखी आहे आणि वजनं, म्हणजे बारीक ते ठळक अशी रूपं, सात आहेत. त्याच फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरंही आहेत, त्यामुळे दोन भाषा शेजारी आल्या तरी एक गडद आणि एक फिकी दिसत नाही. इंडियन टाइप फाउंड्रीचा Hind हाही त्याच कामाचा, किंचित आटोपशीर. दोन्हींपैकी कुठलाही घ्या, पण रेग्युलरऐवजी मीडियम वजन घ्या. पडद्यावर रेग्युलर पुरेसं वाटतं, चकचकीत गोल बरणीवर ट्यूबलाइटची चमक पडली की त्याची बारीक रेघ हरवते. इंकजेटवर शाई पसरतच असेल तर मात्र रेग्युलर ठीक, कारण कागदच त्याला मीडियम करून देतो.

आकार किती? लेझर छपाईला मराठी मजकूर आठ पॉइंटच्या खाली नेऊ नका, थर्मलवर नऊ ठेवा आणि सेमीबोल्ड घ्या. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीने १.२ पट ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर चढतात. १.४ पट ठेवा. आठ पॉइंटला म्हणजे ओळीपासून ओळ साधारण ११ पॉइंट.

नावाच्या फॉन्टमध्ये तुम्हाला मोकळीक आहे, कारण तिथे अक्षर मोठं असतं. तरी तिथेही पडद्यावर मोहात पाडणारे काही फॉन्ट छोट्या बरणीवर दगा देतात. Modak इतका जाड आहे की अक्षरांच्या पोटात फक्त चिरा उरतात. पोस्टरवर तो देखणा दिसतो, ४० मिलिमीटरच्या लेबलवर डागासारखा. Rozha One मध्ये जाड-बारीक रेघांचा फरक फार मोठा, त्यामुळे बारीक रेघा छपाईत उडतात. Kalam सारखा हस्ताक्षरी फॉन्ट एखाद्या छोट्या ओळीला, म्हणजे «आजीच्या पद्धतीचा» वगैरेला शोभतो, पण नाव आणि साहित्य दोन्ही त्यातच लिहिलं की लेबल शाळेच्या वहीसारखं वाटतं. नावासाठी मला तीन पर्याय भरवशाचे वाटतात. मायाळू, गोलसर हवं असेल तर Baloo 2 सेमीबोल्ड. रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांची आठवण देणारं हवं असेल तर Yatra One. आणि लांब नावं असतील, उदाहरणार्थ «कांदा लसूण मसाला», तर Anek Devanagari, कारण त्यात अक्षराची रुंदीही कमी-जास्त करता येते. तिथे फॉन्टचंच अरुंद रूप वापरा. नेहमीचा फॉन्ट कोपऱ्याला धरून दाबू नका. तसं केलं की उभे दांडे बारीक होतात, आडवी शिरोरेषा जाडच राहते, आणि काय बिघडलंय ते गिऱ्हाइकाला सांगता आलं नाही तरी लेबल स्वस्त वाटतं.

पारंपरिक, छापखान्याच्या जुन्या वळणाचं नाव हवं असेल तर Tiro Devanagari Marathi बघा. हा फॉन्ट मुद्दाम मराठी वळणाचा आहे. हिंदी वळणाचा «ल» आणि «श» मराठी वाचकाला परके वाटतात, आणि आपल्या बरण्यांवर लोणचे, मसाला, लसूण, लिंबू, तिखटापेक्षा जास्त «ल»च असतो. टिरोला ठळक वजन नाही, एकच साधं आणि एक तिरपं आहे. तेव्हा सॉफ्टवेअरमधलं ठळकचं बटण त्यावर दाबू नका. ठळक वजन फॉन्टमध्येच नसेल तर सॉफ्टवेअर रेघा फुगवून खोटं ठळक तयार करतं, आणि त्यात नेमकी पोटातली जागा बुजते. टिरो मोठ्या नावालाच वापरा, बारीक मजकुराला नको.

एक बरणी पूर्ण करून दाखवतो. समजा २०० ग्रॅम लिंबू लोणचं आहे आणि काचेच्या बरणीचा व्यास ६५ मिलिमीटर. घेर झाला साधारण २०४. समोरून बघताना घेराचा एक चतुर्थांश भागच सरळ वाचता येतो, त्यापुढची अक्षरं कडेला वळून चेपतात. म्हणजे नावासाठी खरी जागा ५१ मिलिमीटर, आणि दोन्ही बाजूंना थोडी हवा सोडली तर ४४. लेबल १५० मिलिमीटर रुंद केलंत तरी नाव या ४४ मध्येच बसलं पाहिजे. बाकीची रुंदी साहित्य, पत्ता आणि तारखेसाठी.

«लिंबू लोणचे» एका ओळीत ४४ मध्ये बसवलं तर अक्षरं लहान होतात, म्हणून दोन ओळी कराव्या लागतात. इथे देवनागरीची गंमत बघा. दोन्ही शब्द मध्यावर घेतले तर वरच्या «बू»चा दीर्घ ऊकार बरोबर खालच्या «चे»च्या मात्रेवर येतो. बहुतेक जण मग दोन ओळी दूर सारतात आणि नाव विस्कटतं, दोन वेगळे शब्द एकमेकांशी संबंध नसल्यासारखे दिसतात. मी काय करतो, «लोणचे» ४४ मिलिमीटर भरेल एवढं मोठं घेतो, «लिंबू» त्याच्या साधारण ८० टक्के आकारात, आणि दोन्ही डावीकडे एका रेषेत लावतो. आता ऊकार सरकून «ण»च्या डोक्यावर येतो. «ण»वर काहीच मात्रा नाही, तिथे मोकळी जागा असते, त्यामुळे दोन्ही ओळी घट्ट जवळ आणता येतात आणि नाव एकसंध दिसतं. असा डोळस मेळ साधला की लेबल प्रोफेशनल वाटतं, मग फॉन्ट मोफतचा असला तरी चालतो. तुमच्या प्रत्येक नावाला हे वेगळं बघावं लागेल. «गोडा मसाला»मध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण वरच्या ओळीत उकार नाही.

नाव पसरट दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका. इंग्रजी ब्रँडमध्ये सुटी सुटी कॅपिटल अक्षरं उंची वाटतात, ते बघून मराठीतही करावंसं वाटतं. पण अंतर वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि «लोणचे» हा शब्द राहत नाही, तीन सुटी चिन्हं होतात. अंतर शून्यच ठेवा. तोच धोका ओळी दोन्ही कडांना ताणून लावण्यात आहे, म्हणून साहित्याचा मजकूर नेहमी डावीकडे लावून उजवी कड मोकळी सोडा.

बाजूच्या मजकुराकडे वळू. लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावी लागते, मराठी त्याच्या जोडीला देता येते. फक्त मराठीत दिलेलं साहित्य नियमाला पुरत नाही. ऐकायला हे जास्तीचं काम वाटतं, पण जागेच्या दृष्टीने सोयीचं आहे. सक्तीचा बारीक मजकूर इंग्रजीत घ्या, Mukta मीडियम, साडेसहा पॉइंट. त्याची लहान अक्षरं एक मिलिमीटरच्या थोडी वर येतात, आणि त्याखाली जाणं नियमातही बसत नाही आणि डोळ्यालाही झेपत नाही. छापून झाल्यावर पट्टी लावून मोजा. त्याच्या वर मराठीत आठ पॉइंटला फक्त साहित्य द्या: लिंबू, साखर, मीठ, लाल तिखट, हिंग. साठवणुकीची सूचना हवी असेल तर एकच ओळ. सगळंच दोन भाषांत लिहायला गेलात की दोन्ही भाषा सहा पॉइंटवर येतात आणि एकही वाचता येत नाही. हिंगाबद्दल एक लक्षात ठेवा. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, आणि गहू ॲलर्जीच्या घटकांत मोडतो. तुमच्या हिंगाच्या डबीवरचं साहित्य वाचा, आणि तसं असेल तर ती ओळ बाकी मजकुरात दडवू नका. त्याच आकारात, पण ठळक वजनात, स्वतंत्र ओळीवर द्या. ठळक वजनाचा खरा उपयोग इथे आहे.

वजनाचे आकडे मराठीत ठेवू नका. निव्वळ वजन 200 g असंच लिहा, gm किंवा gms नाही, आणि आकड्याची उंची बाजूच्या मजकुरापेक्षा चांगली मोठी ठेवा. आकड्याची किमान उंची नियमात ठरलेली असते, म्हणून छपाईला देण्याआधी सध्याचा तक्ता बघा. एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक मात्र नेहमी बारीक छापला जातो आणि तिथे 3, 8, 6 बुजतात. त्यालाही मीडियम वजन द्या आणि आकड्यांमध्ये किंचित अंतर सोडा. अंकांना शिरोरेषा नाही, तिथे अंतर वाढवलेलं चालतं.

रंगाबद्दल दोनच गोष्टी. लाल किंवा गडद हिरव्या पट्टीवर पांढरी अक्षरं सुंदर दिसतात, पण शाई आत पसरते आणि पांढरं अक्षर चारी बाजूंनी खाल्लं जातं. म्हणून उलट्या रंगात नावच ठेवा, आणि तिथे एक वजन जास्त घ्या. साहित्याची ओळ नेहमी पांढऱ्यावर किंवा फिक्या पिवळ्यावर काळी. दुसरं, हा काळा फक्त काळ्या शाईचा असू द्या. चार रंग मिसळून केलेला काळा प्रेसमध्ये केसभर सरकला तरी आठ पॉइंटच्या अक्षराभोवती लाल-निळी झाक येते. «सगळा मजकूर शंभर टक्के ब्लॅक» एवढं प्रेसवाल्याला सांगितलंत की त्याला समजतं.

फॉन्ट नक्की करण्याआधी त्याची परीक्षा घ्या, आणि ती पडद्यावर नको. पडद्यावर आपण नकळत मोठं करून बघतो. हे शब्द खऱ्या आकारात, खऱ्या स्टिकरवर छापा: «लिंबू, धणे, हिंग, दालचिनी, घट्ट, वऱ्हाडी, नागकेशर, चिंच». «हिंग»मध्ये वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांना चिकटतात का बघा. «घट्ट»मध्ये दोन «ट» वेगळे दिसतात का बघा. «वऱ्हाडी»मध्ये «ह»आधीचा आडवा अर्धा «र» नीट येतो का, की त्याच्या जागी रफार किंवा पाय मोडलेला «र» दिसतो, ते बघा. आकार नीट येत नसेल तर कारण दोनपैकी एक असतं. एकतर फॉन्टमध्ये तो आकार नाही, किंवा सॉफ्टवेअर देवनागरी जुळवत नाही. इलस्ट्रेटरमध्ये इंडिक पर्याय चालू नसेल तर «मिरची»ची वेलांटी «म»च्या मागे जाऊन बसते, फॉन्ट कितीही चांगला असला तरी. Mukta मध्ये हे शब्द नीट दिसले आणि दुसऱ्या फॉन्टमध्ये नाही, तर दोष फॉन्टचा. दोन्हींत बिघडले तर सॉफ्टवेअरचा.

मग ते स्टिकर बरणीला लावा, बरणी फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर दव पुसा, तेलाच्या बोटाने चोळा आणि घरातल्या ज्येष्ठ माणसाच्या हातात द्या. हाताच्या अंतरावरून साहित्य वाचायला सांगा. ते बरणी उजेडाकडे वळवायला लागले तर अर्धा पॉइंट वाढवा किंवा मजकूर कमी करा. मी बहुतेक वेळा मजकूर कमी करतो. «घरगुती चवीचे, प्रेमाने बनवलेले, शुद्ध आणि सात्त्विक» या ओळीने खाल्लेली जागा साहित्याला द्या.

शेवटी फाइल देताना. गावातल्या बऱ्याच डीटीपी सेंटरमध्ये अजून जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट चालतात. तुम्ही मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवलात की तो तिथे पुन्हा टाइप होतो, तुमचा फॉन्ट जातो आणि शुद्धलेखनही जातं. म्हणून तुमच्याकडूनच पीडीएफ द्या आणि त्यात अक्षरांचं आउटलाइनमध्ये रूपांतर करून ठेवा, म्हणजे त्यांच्या मशिनवर फॉन्ट नसला तरी आकार बदलत नाही. मूळ फाइल मात्र तुमच्याकडे जपा, आउटलाइन केलेल्या लेबलवर पुढच्या वर्षीचं साहित्य बदलता येत नाही. बॅच आणि तारखेची जागा लेबलवर कोरी सोडा आणि त्या भागाला चकचकीत लॅमिनेशन करू नका. चकचकीत पृष्ठभागावर शिक्क्याची शाई धरत नाही, आणि बरणी दोनदा हाताळली की तारीखच पुसली जाते.